देवघरातल्या शाळिग्रामाचं वय कसं ठरतं? जीवाश्म कसे तयार होतात आणि ते खडकांचा काळ कसा सांगतात

तुळशीच्या लग्नात अनेक घरी तुळशीशेजारी नवरदेव म्हणून शाळिग्राम ठेवतात. काळा, गुळगुळीत, मुठीत मावेल एवढा दगड. त्याच्या एका बाजूला भोक असतं किंवा दगड फुटलेला असतो, आणि आत गोल गोल वळत गेलेलं चक्र दिसतं. हे चक्र वज्रकीट नावाच्या किड्याने कोरलं, अशी परंपरेतली कथा आहे.

भूशास्त्राच्या भाषेत हा दगड म्हणजे अमोनाइट नावाच्या समुद्री प्राण्याचा जीवाश्म. वय साधारण साडेचौदा कोटी वर्षं. हे वाचलं की कमेंटमध्ये एक प्रश्न हमखास येतो: 'एवढं वय यांना कळतं कसं? कार्बन डेटिंग केलं का?'

नाही केलं. कार्बन डेटिंग साधारण पन्नास हजार वर्षांपर्यंतच चालतं. त्याहून जुन्या वस्तूत मोजण्याइतका किरणोत्सारी कार्बन उरलेलाच नसतो. शाळिग्रामाच्या बाबतीत गंमत अशी की, त्याचं वय आपण दुसऱ्या कशावरून काढत बसत नाही. आतला प्राणी ओळखला की तो ज्या खडकातून आला त्या खडकाचा काळ कळतो. म्हणजे शाळिग्राम ही वय विचारायची वस्तू कमी आणि वय सांगणारी जास्त. हे कसं, ते नीट समजून घ्यायचं तर आधी तो दगड कसा झाला इथून सुरुवात करावी लागेल.

चिखलात पडलेला शंख

अमोनाइट हे आजच्या माकूळ आणि ऑक्टोपसचे लांबचे नातेवाईक. दिसायला गुंडाळलेल्या शंखासारखे, पण गोगलगायीच्या शंखापेक्षा आतून वेगळे. शंखाच्या आत पडदे असत आणि त्यामुळे कप्पे तयार होत. प्राणी राहायचा फक्त शेवटच्या, सर्वांत मोठ्या कप्प्यात. मागचे कप्पे वायूने भरलेले असत, त्यामुळे त्याला पाण्यात तरंगता येई. वाढ झाली की प्राणी पुढे सरकायचा आणि मागे नवा पडदा घालायचा. शाळिग्रामातलं चक्र म्हणजे हाच वाढत गेलेला शंख.

साडेचौदा कोटी वर्षांपूर्वी हिमालय नव्हता. भारताचा भूभाग दक्षिण गोलार्धात, मादागास्कर आणि अंटार्क्टिका यांच्या शेजारी होता. त्याच्या उत्तरेला टेथिस नावाचा समुद्र होता आणि त्याच्या तळाशी काळा, बारीक चिखल साचत होता. अमोनाइट मेला की त्याचा शंख शेवटी या चिखलात येऊन पडे.

पडलेला प्रत्येक शंख जीवाश्म होत नाही, हे लक्षात ठेवायला हवं. बहुतेक शंख फुटतात, विरघळतात, किंवा दुसरे प्राणी त्यांचा फडशा पाडतात. टिकायचं असेल तर शंख लवकर झाकला गेला पाहिजे. वरून चिखल बसला आणि तळाशी ऑक्सिजन कमी असला, तर कुरतडणारे, उकरणारे प्राणी तिथे फारसे येत नाहीत.

चिखलाखाली मांस कुजतं, ते जीवाणूंमुळे. ऑक्सिजन नसला तरी काही जीवाणू समुद्राच्या पाण्यातलं सल्फेट वापरून जगतात. त्यातून हायड्रोजन सल्फाइड तयार होतो, म्हणजे सडक्या अंड्यांचा वास येतो तो वायू. चिखलात लोह असेल तर या वायूशी त्याचा संयोग होऊन पुढे पायराइट हे सोनेरी चमकणारं खनिज बनतं. काही शाळिग्रामांच्या चक्रात सोनेरी रेघा दिसतात, त्यामागे अनेकदा हेच पायराइट असतं. साडेचौदा कोटी वर्षांपूर्वीच्या कुजण्याची ती खूण आहे.

कुजण्याचा दुसरा परिणाम जास्त महत्त्वाचा. शंखाच्या आसपासच्या पाण्याचं रसायन बदलतं आणि चिखलाच्या कणांमधल्या फटींत कार्बोनेटी खनिजं जमायला लागतात. सिमेंटने वाळू बांधावी तसा शंखाभोवतीचा चिखल बांधला जातो आणि एक कडक गोळा तयार होतो. शंख आत, गोळा बाहेर. हे सगळं घडतं तेव्हा आजूबाजूचा चिखल मऊच असतो.

मग वर थरावर थर चढत जातात. शेकडो मीटर गाळाच्या वजनाखाली चिखलातलं पाणी निघून जातं, चिखल दाबला जातो आणि त्याचा पापुद्रे निघणारा काळा खडक होतो. याला शेल म्हणतात. आता मजा बघा. ज्या शंखाभोवती गोळा झाला नव्हता, तो या दाबाखाली पापडासारखा सपाट होतो. गोळ्यातला शंख मात्र जसाच्या तसा फुगीर राहतो. शेलमध्ये असा गोळा जागेवर पाहायला मिळाला तर खडकाचे पापुद्रे त्याच्या वरून आणि खालून वळून गेलेले दिसतात, जसं उशीवर टाकलेलं पांघरूण वळतं. गोळा आधी कडक झाला आणि दाब नंतर आला, हे त्यावरून कळतं.

मूळ शंखाचं काय होतं? तो अॅरॅगोनाइट नावाच्या खनिजाचा असतो आणि हे खनिज फार टिकाऊ नाही. बऱ्याचदा ते विरघळून जातं आणि गोळ्यात फक्त शंखाचा ठसा राहतो. कधी त्याच्या जागी कॅल्साइटसारखं दुसरं खनिज येतं. कधी शंखाच्या आत भरलेला चिखल दगड होतो आणि बाहेरचं कवच नाहीसं होतं, म्हणजे मोदकाचा साचा काढून घेतल्यावर मोदक राहावा तसं. त्यामुळे देवघरातल्या शाळिग्रामात प्राण्याचा कण न कण असेलच असं नाही. असतो तो त्याचा आकार, आणि काळ ओळखायला आकार पुरतो.

पुढे भारताचा भूभाग उत्तरेकडे सरकत जाऊन सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी आशियाला धडकला. टेथिसचा तळ दुमडून वर आला. आज नेपाळमधलं मुक्तिनाथ समुद्रसपाटीपासून सुमारे 3,700 मीटर उंचीवर आहे. त्या परिसरातल्या शेलमधून काळी गंडकी आणि तिला मिळणारे ओढे हे गोळे सोडवून आणतात. शेल मऊ, तो झिजतो. गोळा कठीण, तो घरंगळत घासला जातो आणि गुळगुळीत होतो. म्हणून शाळिग्राम नदीत मिळतो.

वरचा थर नंतरचा, पण तेवढ्याने भागत नाही

आता वयाकडे येऊ. गाळ खालून वर साचत जातो, म्हणून खालचा थर आधीचा आणि वरचा नंतरचा. निकोलस स्टेनो याने 1669 मध्ये हे स्पष्ट मांडलं. घरात रोज वर्तमानपत्रांचा गठ्ठा रचत गेलं तर सर्वांत जुना अंक तळाशी सापडतो, तसंच हे.

अडचण अशी की, हा नियम एकाच गठ्ठ्याला लागू पडतो. स्पीतीतला काळा शेल आणि मुस्तांगमधला काळा शेल एकाच वेळी साचले का? रंगावरून सांगता येत नाही, कारण काळा चिखल कुठल्याही काळात साचू शकतो. आजही साचतोय.

हे कोडं सुटलं ते इंग्लंडमध्ये, आणि सोडवणारा माणूस प्राध्यापक नव्हता. विल्यम स्मिथ हा कालव्यांच्या कामावरचा सर्वेक्षक. 1790 च्या दशकात कालवा खणताना त्याच्या लक्षात आलं की काही थर दिसायला अगदी सारखे आहेत, पण त्यांतले जीवाश्म वेगळे आहेत. शिवाय जीवाश्मांचा क्रम सगळीकडे तोच आहे. एका गावात 'अ' च्या वर 'ब' असेल, तर दुसऱ्या गावातही 'ब' कधी 'अ' च्या खाली येत नाही. या आधारावर त्याने 1815 मध्ये इंग्लंड आणि वेल्सचा भूशास्त्रीय नकाशा छापला. डार्विनचा उत्क्रांतीवरचा ग्रंथ 1859 चा. म्हणजे जीवाश्मांचा क्रम आधी सापडला, तो क्रम तसा का आहे याचं स्पष्टीकरण नंतर आलं.

पण सगळेच जीवाश्म या कामाचे नसतात. एखादा शिंपला दहा कोटी वर्षं जवळपास तसाच राहिला असेल, तर तो सापडून काय कळणार? एखादा प्राणी एकाच खाडीत राहत असेल तर दुसऱ्या देशातल्या थराशी त्याचा मेळ कसा घालणार? म्हणून काही ठरावीक जीवाश्मांना निर्देशक जीवाश्म म्हणतात. ते थोडाच काळ जगात होते, पण त्या काळात दूरवर पसरले होते. संख्येने भरपूर होते आणि पटकन ओळखू येतात.

अमोनाइट या कसोट्यांवर फार चांगले उतरतात. त्यांच्या जाती झपाट्याने बदलत होत्या. युरोपातल्या ज्युरासिक काळाच्या थरांचे अमोनाइटांवरून जे विभाग पाडले आहेत, त्यांतला एक विभाग सरासरी दहा लाख वर्षांहूनही कमी काळाचा आहे. शिवाय ते पाण्यात वावरत. त्यामुळे तळाशी चिखल असो, वाळू असो की चुना, त्यांचे शंख सगळीकडे पडत. शंखावरच्या कंगोऱ्यांची ठेवण आणि आतले पडदे बाहेरच्या भिंतीला जिथे चिकटतात तिथल्या नागमोडी रेषा, यांवरून तज्ज्ञाला प्रकार ओळखता येतो.

एक गोळा हातात घेऊन बघू

समजा, तुम्ही स्पीती खोऱ्यात लांगझा गावाजवळच्या उतारावर आहात. खाली चुनखडकाचे जाड थर आणि त्यांच्या माथ्यावर लोहयुक्त खडकाचा पातळ पट्टा आहे. त्यावर काळा शेल. शेलच्या वर गिऊमल नावाने ओळखला जाणारा वालुकाश्म. मधल्या या शेलला भूशास्त्रात 'स्पीती शेल' असंच नाव आहे, आणि शाळिग्रामांचा मुस्तांगमधला शेल त्याचाच जोडीदार आहे.

शेलच्या मधल्या भागातला एक गोळा फोडलात. आत दाट, बारीक कंगोऱ्यांचा अमोनाइट निघाला: व्हर्गॅटोस्फिंक्टिस. थोडं वर चढून दुसरा गोळा फोडला. त्यात ठसठशीत कंगोऱ्यांचा वेगळा अमोनाइट: ब्लॅनफोर्डिसेरस. आधी व्हर्गॅटोस्फिंक्टिस, मग ब्लॅनफोर्डिसेरस, हा क्रम तुम्ही स्वतः पाहिला. इथपर्यंत फक्त एका गठ्ठ्याची गोष्ट झाली.

आता तुमच्याकडे मुस्तांगहून आलेला शाळिग्राम आहे आणि त्यात ब्लॅनफोर्डिसेरस आहे. तो ज्या शेलमधून आला तो तुमच्या उताराच्या वरच्या भागाच्या वेळचा, हे लगेच कळलं. मादागास्कर आणि अंटार्क्टिक द्वीपकल्पातही ब्लॅनफोर्डिसेरस सापडतो, म्हणजे तिथला तो थरही याच सुमाराचा. आज या जागा एकमेकींपासून हजारो किलोमीटर लांब आहेत, पण तेव्हा त्यांच्या किनाऱ्यांना जोडलेले समुद्र होते. या प्रकारचा अमोनाइट ज्युरासिक काळाच्या अगदी शेवटच्या टप्प्याची खूण मानला जातो. त्या टप्प्याला टिथोनियन म्हणतात.

लक्षात घ्या, अजून आपण वर्षांचा आकडा एकदाही वापरलेला नाही. निर्देशक जीवाश्म 'कोणाच्या आधी, कोणाच्या नंतर आणि कोणाच्या बरोबर' एवढंच सांगतात. आकडा येतो दुसरीकडून. ज्वालामुखीची राख समुद्रात पडली की तिचा पातळ थर होतो आणि त्यात झिर्कॉनचे बारीक स्फटिक असतात. स्फटिक तयार होताना त्यात थोडं युरेनियम अडकतं आणि ते ठरलेल्या गतीने शिसं बनत जातं. दोघांचं प्रमाण मोजलं की राखेचं वय वर्षांत मिळतं. अमोनाइटाच्या थराखाली एक राख आणि वर एक राख सापडली तर तो अमोनाइट त्या दोन वयांच्या मधला. हे कुठेतरी एकदा नीट झालं, की तोच अमोनाइट दुसरीकडे राख नसलेल्या थरात सापडला तरी काम होतं.

सोशल मीडियावर एक आक्षेप नेहमी फिरतो: 'खडकावरून जीवाश्माचं वय काढतात आणि जीवाश्मावरून खडकाचं, म्हणजे सगळी गोल गोल फिरवाफिरवी.' वरच्या उदाहरणात कुठे काय वापरलं ते पाहा. क्रम थरांच्या मांडणीवरून ठरला. त्यासाठी कुणाचंही वय माहीत असण्याची गरज नव्हती. आकडा युरेनियमवरून आला. त्यासाठी अमोनाइट ओळखता येण्याची गरज नव्हती. दोन वेगळ्या वाटांनी आलेल्या गोष्टी तिसऱ्या जागी जुळवून पाहिल्या जातात, आणि त्या चुकल्या असतील तर चूक उघडी पडते.

आकडा हलतो, क्रम हलत नाही

शाळिग्रामाचं वय मी 'साधारण' साडेचौदा कोटी म्हटलं, ते जपूनच. ज्युरासिक संपून क्रिटेशस काळ सुरू होतो ती सीमा याच्या अगदी जवळ आहे, आणि ती भूशास्त्रातली फार भांडणाची सीमा आहे. बरीच वर्षं तिचा आकडा 14.5 कोटी धरला जाई. अर्जेंटिनातल्या राखेच्या थरांवरून काहींनी तो 14.1 कोटींच्या आसपास काढला. अलीकडच्या आंतरराष्ट्रीय तक्त्यात तो 14.3 कोटी आहे.

याचं एक मोठं कारण अमोनाइटच आहेत. त्या काळात उत्तरेकडच्या थंड समुद्रांतले अमोनाइट आणि दक्षिणेकडच्या उबदार समुद्रांतले अमोनाइट वेगळे पडले होते. दूरवर पसरलेलं असणं ही निर्देशक जीवाश्माची कसोटी, आणि नेमकी तीच इथे अपुरी पडते. ब्लॅनफोर्डिसेरस हिमालयात आणि दक्षिणेत आहे, पण इंग्लंडच्या थरात त्याला शोधून उपयोग नाही. मग दोन्हीकडचे क्रम जोडायला सूक्ष्म जीवाश्म आणि खडकांत नोंदल्या गेलेल्या पृथ्वीच्या चुंबकीय दिशाबदलांची मदत घ्यावी लागते. इतकं असूनही, स्पीतीत व्हर्गॅटोस्फिंक्टिसच्या वर ब्लॅनफोर्डिसेरस हा क्रम कुठल्याही नव्या आकड्याने बदललेला नाही.

पत्ता हरवलेला दगड

सर्वांत जास्त फसगत मात्र आकड्यात होत नाही, जागेत होते. काळी गंडकीच्या पात्रातलंच उदाहरण घ्या. आज नदीच्या वाळूत शाळिग्राम पडलेले आहेत. ही वाळू आणि गोटे पुढे दगड झाले, आणि कुणी तो दगड फोडून अमोनाइट बघून 'हा थर ज्युरासिक काळातला' म्हणालं, तर चौदा कोटी वर्षांची चूक होईल. जुना जीवाश्म नव्या गाळात येऊन बसणं ही नेहमीची गोष्ट आहे. ओळखायचं कसं? गोळा घासलेला, गोल झालेला असतो. आजूबाजूला इतर जातींच्या खडकांचे गोटे असतात. आणि वेगवेगळ्या काळांचे जीवाश्म एकत्र मिसळलेले असतात. अशा वेळी सर्वांत नवा जीवाश्म धरायचा. थर त्याच्यापेक्षा जुना असूच शकत नाही.

माणसांनी हलवलेल्या जीवाश्मांचा प्रकार याहून वाईट. 1989 मध्ये ऑस्ट्रेलियाचे पुराजीवशास्त्रज्ञ जॉन टॅलेंट यांनी 'नेचर' या नियतकालिकात एक लेख लिहिला. पंजाब विद्यापीठातल्या एका प्राध्यापकांनी हिमालयातले म्हणून अनेक वर्षं जे जीवाश्म प्रसिद्ध केले, त्यांतले बरेच हिमालयातले नाहीतच, असं त्यांनी दाखवून दिलं. काही सूक्ष्म जीवाश्म अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यातल्या एका प्रसिद्ध ठिकाणच्या नमुन्यांशी जुळत होते. काही अमोनाइटवर्गीय जीवाश्म दुकानांत विकल्या जाणाऱ्या मोरोक्कोच्या मालासारखे होते. जीवाश्म नकली नव्हते, पत्ते नकली होते. त्या पत्त्यांवर विसंबून इतरांनी हिमालयातल्या थरांचे काळ आणि नकाशे ठरवले होते, आणि शेकडो शोधनिबंधांतलं खरं-खोटं वेगळं करत बसायची वेळ आली. संशय यायला कारणही जीवाश्मांचा क्रमच ठरला. त्या थरांत, त्या भागात बसूच नयेत असे हे जीवाश्म होते.

स्पीतीच्या सहलीवरून परत येताना बरेच जण लांगझाचा एखादा अमोनाइट खिशात घालून आणतात आणि त्याची रील टाकतात. शेलच्या उतारावर, ठरावीक उंचीवर, खालच्या-वरच्या थरांच्या मध्ये असताना तो दगड डोंगराच्या एका भागाचा काळ सांगत होता. खिशात आल्यावर तो एवढंच सांगतो की असा प्राणी कधीतरी होता. भूशास्त्राचे विद्यार्थी म्हणूनच गोळ्याला हात लावण्याआधी फोटो घेतात, थर मोजतात, जागेची नोंद करतात आणि नमुन्यावर क्रमांक टाकतात. फोडायची पाळी त्यानंतर येते.